लहान आतड्याचा क्रोन्स: सूज, वण आणि बायोलॉजिकची वेळ

सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘टर्मिनल इलियममध्ये स्ट्रिक्चर’ असे लिहून येते. डॉक्टर म्हणतात, ‘क्रोन्स दिसतोय, बायोलॉजिक सुरू करावे लागेल.’ घरच्यांच्या डोक्यात एकदम दोन प्रश्न उभे राहतात: हे औषध किती महाग आहे, आणि ते किती धोक्याचे आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी आणखी तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. हा आजार नक्की क्रोन्सच आहे की आतड्याचा टीबी? आतडे अरुंद झाले आहे ते सुजेमुळे की वणामुळे? आणि पोटात कुठे पू साठला आहे का? ही उत्तरे हातात असतील, तर बायोलॉजिक कधी द्यायचे हा निर्णय बराच सोपा होतो. ती नसताना दिलेले तेच औषध वाया जाऊ शकते किंवा जिवावर बेतू शकते.

आधी आजाराची जागा समजून घेऊ. लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियमचे टोक, उजव्या बाजूला बेंबीच्या खाली मोठ्या आतड्याला मिळते. क्रोन्सचा मुक्काम सर्वांत जास्त वेळा इथेच असतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये वर्णन केला तो याच जागेचा आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचे फक्त आतले अस्तर सुजते. क्रोन्समध्ये सूज आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, आणि पुढच्या दोन्ही गुंतागुंती त्यातूनच निघतात. सूज वर्षानुवर्षे धुमसत राहिली तर शरीर ती जागा तंतुमय पेशीजालाने भरते. भाजलेल्या जागेची कातडी भरून येताना आक्रसते, तशी आतड्याची भिंत आक्रसते आणि मार्ग अरुंद होतो. हे झाले स्ट्रिक्चर. दुसरीकडे, खोल गेलेली जखम भिंत भेदून बाहेर पडते आणि शेजारचे आतडे, मूत्राशय, योनीमार्ग किंवा पोटाची कातडी यांच्यापर्यंत वाट काढते. हा फिस्टुला. पुष्कळदा दोन्ही एकाच जागी सापडतात, कारण अरुंद जागेच्या मागे दाब वाढतो आणि भिंत तिथेच फुटते.

आता एक नमुन्यादाखल रुग्ण घेऊ. तपशील कल्पित आहेत, पण घटनाक्रम पोटविकारतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे. लातूरकडचा २८ वर्षांचा तरुण, पुण्यात कारखान्यात नोकरी. वर्षभर जेवणानंतर तासाभराने बेंबीच्या उजवीकडे पिळवटल्यासारखे दुखते, पोट फुगते, मोठा गुडगुड आवाज होतो आणि मग एकदम मोकळे वाटते. भाकरी आणि गवारीची भाजी खाल्ली की त्रास जास्त. वजन ६० किलोवरून ५२ वर आले आहे, हिमोग्लोबिन ९. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग जंताच्या. शेवटी कोलोनोस्कोपी झाली तेव्हा इलियमच्या टोकाला जखमा दिसल्या. बायोप्सीत ‘दीर्घकालीन सूज’ एवढेच आले.

महाराष्ट्रात या टप्प्यावर टीबीचा विचार करावाच लागतो. आतड्याचा टीबीही याच जागी बसतो, जखमा करतो, आतडे आवळतो, वजन घटवतो. बायोप्सीत टीबीचे जंतू सापडले, जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आले किंवा मध्यभागी गळून गेलेल्या गाठी दिसल्या तर प्रश्न मिटतो. पण आतड्याच्या टीबीत जंतूंची संख्या कमी असते आणि या तपासण्या पुष्कळदा निगेटिव्ह येतात. काही खुणा एका बाजूला झुकतात. पोटात पाणी होणे, छातीच्या स्कॅनमध्ये डाग, मध्यभागी गळलेल्या मोठ्या लसिकाग्रंथी ही टीबीची चिन्हे. गुदद्वाराजवळचा फिस्टुला, आतड्यात मधले भाग निरोगी सोडून लांब अंतरावर विखुरलेल्या जखमा, तोंड येणे आणि सांधे धरणे ही क्रोन्सची. तरीही काही रुग्णांत निर्णय होत नाही, आणि तेव्हा टीबीची औषधे सुरू करून प्रतिसाद पाहतात.

या चाचणी-उपचारात एक चूक वारंवार होते. रुग्णाला ‘थोडे बरे वाटते’ म्हणून औषधे चालूच राहतात. क्रोन्सच्या रुग्णालाही टीबीच्या औषधांवर, म्हणजे एकेटीवर, काही आठवडे बरे वाटू शकते, त्यामुळे बरे वाटण्यावर निकाल देऊ नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून जखमा भरल्या का ते डोळ्यांनी पाहावे. टीबी असेल तर त्या भरलेल्या दिसतात. नाही भरल्या, तर निदानाचा फेरविचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवा, कारण क्रोन्स असेल तर एकेटीत गेलेला प्रत्येक महिना वण वाढवतो. मात्र स्ट्रिक्चर उघडले नाही म्हणून टीबी नव्हता असेही म्हणता येत नाही. टीबी बरा झाल्यावरही त्याचा वण आतडे आवळूनच ठेवू शकतो. आपल्या तरुणालाही एकेटी देऊन पाहिली; त्याच्या दुसऱ्या कोलोनोस्कोपीत जखमा होत्या तशाच होत्या आणि सीआरपीही खाली आला नव्हता. निदान क्रोन्सकडे वळले.

पुढचा प्रश्न अरुंदपणाच्या स्वरूपाचा. यासाठी साधी सोनोग्राफी किंवा साधा सीटी पुरत नाही. सीटी एंटरोग्राफी किंवा एमआर एंटरोग्राफी लागते. त्यात तासाभरात लिटर-दीड लिटर खास द्रव पाजून आतडे फुगवतात आणि मग चित्रे घेतात. तरुण रुग्णाला आयुष्यात अनेकदा स्कॅन लागणार असतात, म्हणून शक्य असेल तिथे किरणोत्सर्ग नसलेला एमआर मागावा. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: अरुंद भागाची लांबी, त्याच्या वरचे आतडे किती फुगले आहे, आणि भिंतीत सूज आहे का. वरचे आतडे ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगले असेल तर अडथळा खरा आहे आणि बहुधा जुना आहे. भिंत जाड आहे, औषध टोचल्यावर थरांत उजळते, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फुगल्या आहेत, तर सूज जिवंत आहे. प्रत्यक्षात बहुतेक स्ट्रिक्चरमध्ये सूज आणि वण दोन्ही मिसळलेले असतात. रेडिओलॉजिस्टही त्यांचे प्रमाण अचूक सांगू शकत नाही, म्हणून औषधाला मिळणारा प्रतिसाद हाच पुढे निदानाचा भाग होतो.

इथे एक इशारा. अरुंदपणाची शंका असताना कॅप्सूल एंडोस्कोपी घाईने करू नये. कॅमेऱ्याची ती गोळी स्ट्रिक्चरच्या वर अडकते आणि कधी कधी ती काढण्यासाठीच शस्त्रक्रिया करावी लागते. आधी स्कॅन करावा, किंवा आपोआप विरघळणारी चाचणी-गोळी देऊन मार्ग मोकळा असल्याची खात्री करावी.

आपल्या तरुणाच्या एमआरमध्ये ८ सेंटिमीटर लांबीचा अरुंद भाग दिसला, भिंत जाड आणि सुजलेली, वरचे आतडे ३.२ सेंटिमीटर. पू नाही, फिस्टुला नाही. शौचातील कॅलप्रोटेक्टिन ११००. हा आकडा ५० च्या आत असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर ती भरपूर. मात्र ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही तो वाढतो. या गोळ्या क्रोन्सलाही चिथावतात. अंगदुखीला लागलेच तर पॅरासिटामॉल घ्यावे.

त्याला प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम सुरू झाले. दहा दिवसांत दुखणे थांबले, भूक लागली, आणि घरच्यांना वाटले आता झाले. दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करताना १५ वर आल्यावर दुखणे परतले. डोस वाढवला की बरे, कमी केला की पुन्हा तेच. स्टिरॉइड सूज झटकन उतरवते, पण जखमा भरून आणत नाही आणि आजार आवरून धरत नाही. म्हणून त्यावर महिनोन्महिने राहणे हा उपचार नव्हे. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि कुठे पू असेल तर त्याचे ताप-दुखणे झाकले जाते. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय प्रेडनिसोलोन आणून वर्षभर ‘गरजेपुरते’ घेणारे रुग्ण सापडतात, आणि त्यांपैकी अनेक जण शेवटी आतडे पूर्ण बंद झाल्यावर दवाखान्यात येतात. हे थांबायला हवे असे मला फार तीव्रतेने वाटते.

स्टिरॉइडने न आवरणारा किंवा सोडताच परतणारा आजार ही बायोलॉजिकचा विचार करण्याची सर्वांत सरळ वेळ. मधली पायरी म्हणून ॲझाथायोप्रिन देतात. ते स्वस्त आहे, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि एकट्याने ते कमी पडते. आपल्याकडे काही लोकांत एनयूडीटी१५ या जनुकाचा असा प्रकार असतो की नेहमीच्या डोसलाही पांढऱ्या पेशी धोकादायक कोसळतात. म्हणून शक्य असेल तर आधी ही जनुकचाचणी करावी, आणि पहिल्या दोन महिन्यांत तरी रक्तातील पेशी वारंवार मोजाव्यात. पहिल्या महिन्यात केस मुठीने गळू लागले तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासावे.

काही रुग्णांत मात्र पायऱ्या चढत बसू नये. निदानाच्या वेळीच खोल जखमा, लांबलचक लहान आतडे बाधित, गुदद्वाराजवळ फिस्टुला, लहान वय अशी लक्षणे असतील तर वण होण्याआधीच बायोलॉजिक देण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, जी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, नव्याने निदान झालेल्यांना सुरुवातीलाच इन्फ्लिक्सिमॅब आणि त्याच्या जोडीची गोळी दिली. वर्षाच्या शेवटी स्टिरॉइड आणि शस्त्रक्रियेविना आजार शांत राहिलेले ७९ टक्के होते. पायरीपायरीने गेलेल्यांत ते १५ टक्के होते. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण ती चाचणी टीबी दुर्मीळ असलेल्या देशात झाली. आपल्याकडे लवकर उपचार करायचा, तर निदान तितक्याच लवकर आणि पक्के व्हायला हवे.

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेली प्रथिने, जी सुजेच्या साखळीतील एक नेमका दुवा अडवतात. इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडॅलिमुमॅब ही टीएनएफ नावाच्या रेणूला अडवतात. स्ट्रिक्चर आणि फिस्टुला या दोन्हींत सर्वाधिक अनुभव यांचाच आहे. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरते काम करते, त्यामुळे संसर्गाचा धोका कमी, पण परिणाम सावकाश. उस्टेकिनुमॅब आणि रिसँकिझुमॅब वेगळे दुवे अडवतात. टीएनएफविरोधी औषधांचा टीबीशी संबंध लक्षात ठेवायलाच हवा. शरीर टीबीच्या सुप्त जंतूंना गाठीत कोंडून ठेवते, आणि ती गाठ टिकवायला टीएनएफच लागतो. औषधाने तो अडवला की कोंडलेले जंतू सुटतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे किंवा सीटी, मांटू किंवा इग्रा चाचणी आणि घरात कुणाला टीबी झाला होता का याची चौकशी होते. सुप्त टीबी आढळला तर त्याचा प्रतिबंधक उपचार सुरू करून साधारण महिनाभराने बायोलॉजिक देतात. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीही तपासतात. जिवंत जंतूंच्या लशी द्यायच्या असतील तर त्या आधीच, कारण नंतर त्या चालत नाहीत.

या तपासण्या निगेटिव्ह आल्या तरी पुढे टीबी होणारच नाही अशी हमी नसते. आपल्या हवेत जंतू आहेत आणि नवा संसर्ग कधीही होऊ शकतो. बायोलॉजिकवर असताना संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांचा खोकला, मानेत गाठ किंवा पोटात पाणी यांपैकी काही आले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना कळवावे. औषध आतड्याबाहेरच्या अवयवांतही, पसरलेल्या रूपात, टीबी उघड करू शकते.

तरुणाचा एक्स-रे साफ होता, इग्रा निगेटिव्ह. इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून सुरू झाले: पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, त्यानंतर दर आठ आठवड्यांनी. डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५२ किलोला २६०. कुपी १०० मिलिग्रॅमची असल्याने प्रत्येक वेळी तीन कुप्या लागतात. पहिल्या वर्षी साधारण आठ वेळा सलाईन, म्हणजे चोवीस कुप्या. हा हिशेब उपचार सुरू होण्याआधीच घरात मांडावा. कारण दोन-चार डोस घेऊन पैशांअभावी मध्येच सोडले, तर शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि पुन्हा घेताना ते लागू पडत नाही किंवा सलाईन चालू असतानाच ॲलर्जी उठते. आता भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर मिळतात आणि ती मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. त्यांना दुय्यम समजायचे कारण नाही. नोकरीतला गट-विमा, राज्य किंवा केंद्राची योजना यांत हे बसते का, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्या डोसआधी विचारावे.

चौदाव्या आठवड्यापर्यंत सीआरपी ३८ वरून ५ वर आला, कॅलप्रोटेक्टिन १८०, वजन ५७. स्टिरॉइड सुटले. पण लग्नात कच्ची कोशिंबीर आणि शेवग्याच्या शेंगा खाल्ल्यावर पुन्हा तसेच दुखले. काही महिन्यांनी केलेल्या एमआरमध्ये भिंतीची सूज जवळपास गेलेली होती, अरुंद भाग ८ वरून ४ सेंटिमीटरवर आला होता. उरलेला भाग वणाचा. औषधाने आपले काम केले होते. त्याच औषधाचा डोस वाढवून किंवा दुसरे महागडे बायोलॉजिक आणून वण विरघळणार नाही. वण कमी करणारे औषध आज आपल्या हाती नाही. फ्रान्समधील एका अभ्यासात लहान आतड्याचे लक्षणे देणारे स्ट्रिक्चर असलेल्यांना ॲडॅलिमुमॅब दिले, तेव्हा २४ आठवड्यांनी ६४ टक्क्यांना फायदा दिसला, पण चार वर्षांनी शस्त्रक्रिया टळलेले निम्मेच होते. निर्णय घेताना हे दोन्ही आकडे समोर ठेवावेत.

तरुणाचा अरुंद भाग ५ सेंटिमीटरच्या आत, कोलोनोस्कोपच्या टप्प्यात, आणि आसपास पू-फिस्टुला नसलेला होता. म्हणून फुग्याने तो ताणून उघडला. यात आतडे फाटण्याचा थोडा धोका असतो आणि काही वर्षांत पुन्हा ताणावे लागू शकते. भाग लांब असता, वाकडा असता किंवा एकाहून जास्त असते, तर शस्त्रक्रिया. तीतही प्रत्येक वेळी आतडे कापून टाकत नाहीत. अरुंद भाग लांबीत उघडून आडवा शिवतात, याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात. आतड्याच्या टीबीच्या स्ट्रिक्चरसाठी ही पद्धत भारतीय शल्यविशारद कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडली. क्रोन्ससाठी ती पुढे इंग्लंडमध्ये वापरात आली. आतडे वाचवणे महत्त्वाचे, कारण बी-१२ इलियमच्या टोकातूनच शोषले जाते. हा भाग ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त काढला तर बी-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर लागण्याची शक्यता असते.

फिस्टुलाचा रस्ता वेगळा. लघवीत बुडबुडे येणे, लघवीला शौचासारखा वास, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रसंसर्ग ही आतडे-मूत्राशय फिस्टुलाची खूण आहे. पुरुषाला वारंवार मूत्रसंसर्ग झाला आणि सोबत पोटदुखी असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा. उजवी मांडी सरळ करताना कळ येणे आणि ताप म्हणजे पाठीकडच्या स्नायूत पू असू शकतो. इथे क्रम पक्का आहे: आधी पू काढायचा. मोठा गळू असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी पाहत नळी टाकून, सोबत अँटिबायोटिक आणि भरपूर प्रथिनयुक्त आहार, गरज पडली तर फक्त द्रवरूप. स्कॅनमध्ये पू गेल्याचे दिसल्यावरच बायोलॉजिक. त्यातही फिस्टुलाच्या पुढे घट्ट वण असेल तर औषधाने फिस्टुला बंद होण्याची आशा थोडी. तिथे पोषण सुधारून, वेळ ठरवून केलेली शस्त्रक्रिया माझ्या मते जास्त शहाणपणाची. रात्री दोन वाजता आतडे फुटल्यावर घाईत होणाऱ्या शस्त्रक्रियेत पोटावर पिशवी बसण्याची वेळ जास्त येते.

गुदद्वाराजवळचा फिस्टुला आपल्याकडे भगंदर म्हणून ओळखला जातो आणि पुष्कळांची तीन-तीन ऑपरेशने किंवा क्षारसूत्र होऊन तो परत आलेला असतो. विशी-तिशीतल्या माणसाला परतणारे भगंदर, त्यात जुलाब किंवा घटते वजन असेल, तर चौथ्या ऑपरेशनआधी कोलोनोस्कोपी आणि ओटीपोटाचा एमआरआय करून घ्यावा. क्रोन्स निघाला तर शल्यविशारद फिस्टुलात सैल दोरा ठेवतात, त्यामुळे पू कोंडत नाही, आणि त्या आधारावर इन्फ्लिक्सिमॅब देतात. दोरा आणि औषध एकमेकांना पूरक आहेत, एकाने भागत नाही.

अरुंद भाग असताना खाण्यात चोथा टाळावा: कच्ची कोशिंबीर, मक्याचे कणीस, शेंगांच्या शिरा, भाज्यांचे देठ, संत्र्याच्या फोडींवरची साल, ओल्या खोबऱ्याचे मोठे तुकडे. मऊ भात, मुगाचे वरण, सोललेला दुधी किंवा भोपळा, केळे, अंडे, मासे चालतात. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा, चावून. तंबाखू आणि सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने आजार बळावतो आणि शस्त्रक्रियेनंतर लवकर परततो.

शस्त्रक्रियेनंतर आजार संपला असे समजून अनेक जण औषधे आणि तपासण्या सोडतात. नव्या जोडाच्या जागी सूज लक्षणे येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, म्हणून सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून जोड पाहावा. सिगारेट ओढणारे, फिस्टुलासाठी आतडे काढलेले किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना ही तपासणी होण्याआधीच बायोलॉजिक सुरू करतात.

आणि पोट सतत दुखते, फुगले आहे, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, किंवा या दुखण्यात ताप आणि थंडी वाजून आली, तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. स्टिरॉइड किंवा बायोलॉजिकवर असलेल्याला पोट फुटले तरी दुखणे आणि ताप सौम्यच राहू शकतात. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिल्याच वाक्यात औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगावी.